आधी काय जोडले? उपसर्ग, प्रत्यय आणि शब्दाचे थर

‘लाज या शब्दाला उपसर्ग व प्रत्यय लावून नवे शब्द तयार करा आणि त्यांचे अर्थ लिहा.’ शाळेच्या स्वाध्यायात आणि स्पर्धा परीक्षेच्या सराव पुस्तकात अशा धर्तीचा प्रश्न हमखास असतो. उत्तरात निर्लज्ज, लाजरा, लाजाळू असे दोन-तीन शब्द येतात. अर्थाच्या रकान्यात कुणी ‘लाज नसणे’ लिहितो, कुणी लाजरा आणि लाजाळू या दोघांपुढे एकच अर्थ लिहून मोकळा होतो. शब्द बरोबर असल्यामुळे गुण मिळतात, पण शब्द बनला कसा हे मात्र कळत नाही. ते कळायला एक गोष्ट धरून चालावे लागते. उपसर्ग आणि प्रत्यय शब्दाला एकदम लागत नाहीत, एकामागून एक लागतात. आधी काय लागले आणि नंतर काय, हा क्रम सापडला की अर्थ नेमका सांगता येतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुकाही टळतात.

संज्ञा थोडक्यात पाहू. मूळ शब्दाच्या आधी जे अक्षर किंवा अक्षरे लागून नवा शब्द होतो तो उपसर्ग, आणि नंतर लागतात तो प्रत्यय. धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मुळाला, लागणारे प्रत्यय ते कृत्‌प्रत्यय. हस या धातूपासून हसरा, पेरपासून पेरणी. नाम, विशेषण अशा तयार शब्दांना लागणारे ते तद्धित प्रत्यय. गोडपासून गोडवा, पाटीलपासून पाटीलकी. विभक्तीचे प्रत्यय या खेळात धरायचे नाहीत. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराने’ हे नवे शब्द नव्हेत, घर या एकाच शब्दाची वाक्यातली रूपे आहेत. घरकुल, घरगुती, घरपण हे मात्र नवे शब्द. शब्दकोशात त्यांना स्वतंत्र नोंद मिळते, ‘घरात’ला मिळत नाही. शंका आली तर ही कसोटी पुरते.

आता लाज. लाजरा, लाजाळू आणि लाजिरवाणा ही तिन्ही विशेषणे आहेत आणि तिन्हींत लाज आहे, तरी एकाच्या जागी दुसरे बसत नाही. ‘रा’ हा प्रत्यय हसरा, नाचरा, दुखरा या शब्दांत आहे तोच. ती क्रिया जिच्यात सहज दिसते अशी व्यक्ती किंवा वस्तू तो दाखवतो. ‘लाजरी मुलगी’ तशी ‘लाजरे हसू’ही म्हणता येते. ‘आळू’ हा स्वभाव सांगतो. झोपाळू, मायाळू, दयाळू यांच्या रांगेत लाजाळू बसतो, आणि स्पर्श होताच पाने मिटून घेणाऱ्या झाडालाही म्हणूनच लाजाळू हे नाव मिळाले. ‘वाणा’ वेगळाच आहे. दीनवाणा, ओंगळवाणा, लाजिरवाणा. इथे पाहणाऱ्याच्या मनावर काय उमटते ते महत्त्वाचे. लाजिरवाणा प्रसंग स्वतः लाजत नाही, तो आपल्याला लाज आणतो. ‘लाजाळू प्रसंग’ हा शब्दप्रयोग कानाला खटकतो तो याच कारणाने. तेव्हा अर्थ लिहिताना लाजरा म्हणजे ‘चटकन लाजणारा’, लाजाळू म्हणजे ‘लाजण्याचा स्वभाव असलेला’ आणि लाजिरवाणा म्हणजे ‘लाज वाटायला लावणारा’ एवढा फरक दाखवलाच पाहिजे.

यानंतर निलाजरा. यात नि, लाज आणि रा असे तीन तुकडे दिसतात. जोडणीचे दोन मार्ग संभवतात. आधी लाजरा करून त्याला नि लावला, असे मानले तर अर्थ ‘लाजरा नसलेला’, म्हणजे चारचौघांत न बुजणारा, धीट, असा व्हायला हवा. पण मराठीत कुणाला निलाजरा म्हटले तर ती शिवी असते. निलाजरा म्हणजे ज्याला लाजच उरलेली नाही तो. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने नि आणि लाज हे दोन तुकडे आधी जवळ आले आणि रा नंतर लागला. अक्षरे तीच, तुकडे तेच, पण क्रमाने अर्थ धिटाईवरून कोडगेपणावर नेऊन ठेवला.

निर्लज्ज आणि निलाजरा यांचा अर्थ जवळपास एकच, मग दोन शब्द कशाला? कारण दोघांची घराणी वेगळी आहेत. निर्लज्ज हा निर् आणि लज्जा या दोन संस्कृत तुकड्यांचा शब्द. लज्जा मराठीत लाज झाली तसा निर् मऊ होऊन नि झाला, आणि वर रा हा घरचा प्रत्यय लागला. ‘निर्लाज’ किंवा ‘लज्जरा’ असे शब्द कुणी केले नाहीत. तत्सम मुळाला सहसा तत्सम जोड लागते आणि घरच्या मुळाला घरची. सप्ताहाला ‘इक’ लागून साप्ताहिक होते, आठवड्याला मात्र ‘ई’ लागून आठवडी बाजार भरतो. ‘आठवडिक’ असा शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही.

हा कल आहे, कायदा नव्हे. फारसी-अरबीतून आलेले बे, गैर, ना, बद हे उपसर्ग मराठीने इतके आपलेसे केले की ते कुणाशीही नांदतात. बेताल आणि बेभान यांत मूळ संस्कृत, गैरसोय आणि गैरसमज यांत मूळ मराठी वापरातले, आणि जोड बाहेरची. याउलट एकाच मुळाला दोन घराण्यांचे उपसर्ग लागून दोन शब्द झाले की बहुधा त्यांची कामेही वाटली जातात. ‘प्रति’ या संस्कृत उपसर्गाचे मराठीत झिजलेले रूप म्हणजे ‘पड’. पडजीभ, पडछाया यांत तेच आहे. साद या शब्दाला प्रति लावून प्रतिसाद होतो आणि पड लावून पडसाद. डोंगरात हाक मारली की परत येतो तो पडसाद, आणि एखाद्या घटनेचे विधिमंडळात उमटतात तेही पडसादच. आवाहनाला लोक देतात तो प्रतिसाद. मूळ एक, उपसर्गही मुळात एक, तरी वाक्यात एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहिला तर लगेच बिनसते.

लाजचा स्वाध्याय सोडताना एक शब्द वगळायला हवा. यादी वाढवण्याच्या भरात काही जण ‘लाजवाब’ लिहितात. त्यात लाज नाही. तो ला आणि जवाब असा फुटतो. ला म्हणजे अरबीतला नकार, ज्याला उत्तर नाही असा तो लाजवाब. पुढच्या उदाहरणातही या ‘ला’ची गाठ पडेल.

दुसरे मूळ घेऊ ‘चार’. आकड्याचा चार नव्हे. चर् या संस्कृत धातूपासून झालेला, फिरणे किंवा वागणे या अर्थाचा. तो एकटा मराठीत वापरला जात नाही, पण उपसर्ग लागला की घराघरांतला होतो. आ लागून आचार, म्हणजे वागण्याची रीत. सम् लागून संचार, म्हणजे वावर. प्र लागून प्रचार, पुढे पुढे नेणे, पसरवणे. उप लागून उपचार, जवळ जाऊन केलेली सेवा. तिच्यापासून एकीकडे रोगावरचा इलाज हा अर्थ निघाला आणि दुसरीकडे रीतीसाठी केलेली कृती हा अर्थ, जो पूजेच्या षोडशोपचारांत दिसतो. उद् लागला की संधी होऊन द् चा च् होतो आणि उच्चार हा शब्द मिळतो, वर किंवा बाहेर निघालेला ध्वनी.

एकावर एक उपसर्ग कसे चढतात तेही याच मुळात स्वच्छ दिसते. अत्याचार म्हणजे अति आणि चार नव्हे. अति आणि आचार. आधी आ लागून ‘वागणे’ हा अर्थ पक्का झाला, मग अति लागून ‘मर्यादेबाहेरचे वागणे’ झाले. दुराचार म्हणजे दुर् आणि आचार, अनाचार म्हणजे अन् आणि आचार. व्यभिचारात वि आणि अभि असे दोन आहेत. सदाचार मात्र या यादीत घालू नये. त्यातला सत् हा स्वतंत्र विशेषण आहे, म्हणून तो समास. आणि लाचार? तोही नाही. त्यात चर् नाहीच. फारसीत चारा म्हणजे उपाय. ज्याच्याकडे उपाय उरला नाही तो लाचार. लाजवाबमधला ला तो हाच.

आता उपचार या शब्दाला ‘इक’ लावू, कारण क्रमाचा सगळ्यात पक्का पुरावा या प्रत्ययात सापडतो. ‘इक’ लागला की शब्दातला पहिला स्वर वाढतो. त्याला वृद्धी म्हणतात. अ चा आ होतो, इ-ई-ए यांचा ऐ आणि उ-ऊ-ओ यांचा औ. समाज, सामाजिक. दिन, दैनिक. वेद, वैदिक. भूगोल, भौगोलिक. लोक, लौकिक. लक्षात ठेवायचे ते एवढेच की वाढतो तो पहिला स्वर, मधला नव्हे. त्यामुळे उपचारातला पहिला उ वाढून औपचारिक होते. याच्या उलट अर्थाचा शब्द अनौपचारिक. त्यात अन् हा उपसर्ग अगदी पुढे आहे, पण त्याचा अ वाढलेला नाही, आतला औ मात्र वाढलेला आहे. याचा अर्थ ‘इक’ लागला त्या वेळी अन् तिथे नव्हताच. आधी उप, मग इक, मग अन्, असा क्रम झाला. तो शब्दाच्या अंगावरच लिहिलेला आहे. अर्थही त्याच क्रमाने उलगडतो. उपचार म्हणजे रीत, औपचारिक म्हणजे रीतीला धरून असलेले, अनौपचारिक म्हणजे तसे नसलेले.

याच्या शेजारी आनुवंशिक ठेवून पाहा. वंश या शब्दाला आधी अनु लागून अनुवंश झाला. वंशामागून, पिढ्यांमागून येणारे. मग त्या पूर्ण शब्दाला इक लागला. आता पहिला स्वर अनुमधला अ, म्हणून तोच वाढून आ झाला आणि शब्द झाला आनुवंशिक. आपल्याकडे वर्तमानपत्रांतसुद्धा सर्रास ‘अनुवांशिक’ छापले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात वंश हे मूळ आणि अनु वरून लावलेला, असा क्रम असतो. म्हणून तो वंशाचा वांश करतो. ‘वांशिक’ हा शब्द खरा आहे, वांशिक दंगली म्हणतात त्यातला. पण त्याला अनु लावून आनुवंशिकचा अर्थ मिळत नाही. आनुषंगिकचे ‘अनुषांगिक’ होते तेही असेच. व्यवहारापासून व्यावहारिक, व्यवसायापासून व्यावसायिक, अध्यात्मापासून आध्यात्मिक. या सगळ्यांत उपसर्ग आधी लागलेला आहे, म्हणून वाढ उपसर्गाच्याच स्वरात दिसली पाहिजे. शब्द पाठ करण्याऐवजी एवढे विचारावे की इक लागण्यापूर्वी कोणता पूर्ण शब्द तयार होता, आणि त्याचे पहिले अक्षर कोणते. क्षणिक, श्रमिक, क्रमिक, धनिक अशा काही शब्दांत वृद्धी होत नाही. संस्कृत व्याकरणात तिथे दिसायला सारखाच पण निराळा प्रत्यय मानतात. अशी थोडी उदाहरणे लक्षात ठेवावीच लागतात.

याच जातीचा एक सापळा अनु आणि अन् यांच्यात आहे. नकाराचा उपसर्ग व्यंजनापुढे अ असतो आणि स्वरापुढे अन्. अशक्य, अज्ञान, पण अनादर, अनिष्ट. मूळ शब्द उ ने सुरू होत असेल तर अन् आणि उ मिळून नेमके अनु दिसते, आणि फसगत होते. अनुभव, अनुकरण, अनुरूप यांत खरा अनु आहे, मागून किंवा प्रमाणे या अर्थाचा. अनुचित, अनुदार, अनुत्तीर्ण, अनुपस्थित यांत तो नाही. ते अन् अधिक उचित, उदार, उत्तीर्ण, उपस्थित असे आहेत. कसोटी सोपी आहे. अनु काढून पाहावा. अनुभवातून अनु काढला तर भव उरतो, रूप आणि करण उरतात. अनुत्तीर्णातून काढला तर ‘त्तीर्ण’ उरते, जे कुठेच नाही. अनुचितातून काढल्यावर उरणारा ‘चित’ कुस्तीत सापडतो खरा, पण त्याचा अनुचिताशी काही संबंध लागत नाही. म्हणून नुसता शब्द उरून भागत नाही, उरलेल्याचा अर्थ पूर्ण शब्दाच्या अर्थात दिसायलाही हवा. सुतारात सु नाही, बेडकात बे नाही, निळ्यात नि नाही, हे याच कसोटीने ठरते. घरच्या शब्दांनाही अन् लागतो. ओळख स्वराने सुरू होते, म्हणून अनोळखी. त्यातला ई प्रत्ययाचा.

अर्थ लिहिण्याबद्दल माझा एक आग्रह आहे. अर्थ शब्दाच्याच जातीत लिहावा. शब्द विशेषण असेल तर अर्थही विशेषणासारखा वापरता आला पाहिजे. पुस्तकांतून असे वाचायला मिळते की प्रत्यय शब्दाची जात बदलतो आणि उपसर्ग फक्त अर्थ बदलतो. हे अर्धेच खरे आहे. यश हे नाम, अपयश हेही नाम, इथपर्यंत ठीक. पण चव हे नाम आणि बेचव हे विशेषण. धन नाम, निर्धन विशेषण. चूक नाम, बिनचूक विशेषण. बे, निर्, बिन यांसारखे अभाव सांगणारे उपसर्ग नामाला लागले की ‘ते ज्याच्यात नाही असा’ हा अर्थ तयार होतो, आणि तो कुणाचे तरी विशेषण होतो. म्हणून बेचवचा अर्थ ‘चव नसणे’ नव्हे, ‘चव नसलेला’. निर्धनचा अर्थ ‘गरिबी’ नव्हे, ‘ज्याच्याकडे धन नाही असा’. तपासायचे कसे? शब्द घालून एक साधे वाक्य करावे आणि त्याच जागी आपण लिहिलेला अर्थ ठेवावा. ‘भाजी बेचव झाली’ या वाक्यात ‘भाजी चव नसणे झाली’ बसत नाही, ‘भाजी चव नसलेली झाली’ अडखळत का होईना बसते.

प्रत्ययांत एकाच जातीत, एकाच मुळापासून दोन-तीन शब्द झाले की अर्थ लिहिणे आणखी कठीण होते. गोडपासून गोडी, गोडवा, गोडपणा ही तिन्ही भाववाचक नामे आहेत. आंब्याची गोडी म्हणतात आणि वाचनाची गोडीही म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी गोडी म्हणजे आवड. गोडवा आवाजात असतो, नात्यात असतो. गोडपणा हा त्या मानाने कोरा, नुसता गुण सांगणारा शब्द. ‘गणिताचा गोडवा लागला’ असे कुणी म्हणत नाही. प्रत्यय सारखेच काम करतात, पण वापराने प्रत्येकाला आपापली जागा दिली. प्रत्ययांना कलही असतो. लालसर, ओलसर यांतला ‘सर’ फक्त थोडेपणा दाखवतो, तेलकट, मळकट, धुरकट यांतल्या ‘कट’मध्ये नावड मिसळलेली आहे. म्हणून पोरकट म्हणताना कौतुक नसते.

कोणता प्रत्यय अजून चालता आहे हे पाहायचे असेल तर शेतात जावे. नांगरणी, पेरणी, खुरपणी, कोळपणी, कापणी, मळणी, उफणणी. हंगामाचा सगळा क्रम एका ‘णी’ने बांधलेला आहे. पिकावर औषध मारण्याचे पंप आले तेव्हा फवारा या बाहेरून आलेल्या शब्दापासून फवारणे झाले आणि शेतकऱ्यांनी विनासायास फवारणी करून टाकली. नवे काम आले की ‘णी’ लागतो. ‘णावळ’ तसा राहिला नाही. धुणावळ म्हणजे धुण्याचे दाम, शिवणावळ म्हणजे शिवण्याचे. आज ती जागा धुलाई, शिलाई यांनी घेतली आहे आणि खाणावळ हा शब्द दामावरून सरकून ठिकाणाचे नाव झाला. स्वाध्यायात ‘णावळ’ लावून नवा शब्द करा असे आले तर हातातले दोन-चार शब्द लिहावे आणि थांबावे. नियमात बसतो म्हणून ‘फवारणावळ’ केला तर तो कुणी ओळखणार नाही.

भाववाचक नामे करताना एक थर जास्त चढण्याची चूक होते. सुंदर या विशेषणापासून सौंदर्य किंवा सुंदरता, उदारपासून औदार्य किंवा उदारता. यांतल्या ‘य’ने एकदा भाववाचक नाम झाले की ‘ता’ला करायला काही उरत नाही. तरी ‘सौंदर्यता’, ‘औदार्यता’, ‘ऐक्यता’ लिहिलेले दिसते. पहिला स्वर वाढलेला दिसला आणि शेवटी जोडाक्षरात य असला की तिथे हात आखडावा.

शेवटी एक मूळ पूर्ण सोडवू. मूळ घेऊ ‘मान’, कारण स्वाध्यायांत ते वारंवार येते आणि त्याच्या उत्तरांत सगळ्यात जास्त भेसळ असते. अपमान, अनुमान, बुद्धिमान, बेइमान, वर्तमान, मानकरी असे सगळे एका ओळीत मांडले जाते. शरीराचा अवयव ती मान बाजूला ठेवली तरी यांत वेगवेगळे मान आहेत. एक आदराचा, मन् या धातूपासूनचा. दुसरा मोजण्याचा, मा या धातूपासूनचा. आणि काही ठिकाणी मान हे मूळच नाही, तो प्रत्यय आहे.

आदराच्या मानाला अप लागून अपमान, अव लागून अवमान, अभि लागून अभिमान. अपमान आणि अवमान यांचा अर्थ शब्दकोशात जवळ जवळ सारखा मिळेल, पण न्यायालयाचा होतो तो अवमान, लग्नात व्याह्यांचा होतो तो अपमान. सन्मानात सत् आहे, म्हणून तो सदाचारासारखा समास. याच मानाला ‘करी’ लागून मानकरी होतो. वारकरी, गावकरी यांतलाच प्रत्यय. पालखीला पहिला खांदा देण्याचा किंवा पूजेचा पहिला हक्क ज्याच्याकडे आहे तो मानकरी. मानधन आणि मानपान यांत दोन पूर्ण शब्द आहेत, ते इथे नकोत.

मोजण्याच्या मानाला अनु लागून अनुमान, उप लागून उपमान. प्र लागला की मात्र प्रमान होत नाही, प्रमाण होते. प्र मधल्या र मुळे पुढच्या न चा ण होतो. परि लावला तरी परिमाण, निर् लावला तरी निर्माण. अनु आणि उप यांत र नाही, म्हणून तिथे न तसाच. नमण्याच्या ‘नाम’चेही असेच होते. प्रणाम, परिणाम. उत्तर लिहिताना ‘प्र अधिक माण’ असा विग्रह केला तर तो चूक. ण हा जोडणीनंतर आला आहे. आता प्रमाणाला इक लावू. पहिला स्वर वाढून प्रामाणिक. त्याला अ लागून अप्रामाणिक, आणि अ वाढलेला नाही, म्हणजे तो नंतरचा. शेवटी पणा लागून अप्रामाणिकपणा. प्र, मान, इक, अ, पणा हाच क्रम. अर्थ याच क्रमाने लिहावा. प्रमाण म्हणजे खरे-खोटे ठरवण्याचे माप किंवा पुरावा, प्रामाणिक म्हणजे त्या मापाला उतरणारा, खरेपणाने वागणारा, अप्रामाणिक म्हणजे तसा नसलेला, आणि अप्रामाणिकपणा म्हणजे तसे नसण्याचा गुण.

बुद्धिमान, शक्तिमान, हनुमान यांत ‘मान’ हा ‘असलेला’ या अर्थाचा प्रत्यय आहे. बुद्धी असलेला, शक्ती असलेला, हनु म्हणजे हनुवटी ठळक असलेला. हाच प्रत्यय अ किंवा आ ने संपणाऱ्या शब्दाला लागला की ‘वान’ होतो. धनवान, गुणवान, दयावान. त्यामुळे ‘शक्तिवान’ नको, शक्तिमान हवे. शिवाय एकटी असताना दीर्घ लिहिली जाणारी बुद्धी इथे संस्कृतातल्या मूळ रूपाप्रमाणे ऱ्हस्व होते. वर्तमान, विद्यमान यांतला मान आणखी वेगळा, चालू असलेली क्रिया दाखवणारा. आणि बेइमान तर बे अधिक इमान. त्याचा मानाशी काहीच संबंध नाही.

राहिला निरभिमानी. अभिमानाला निर् लागला की निरभिमान, म्हणजे ज्याला अभिमान नाही असा. बेचवसारखेच विशेषण इथेच तयार झाले. मग शेवटचा ई कशाला? संस्कृताच्या हिशेबाने तो जास्तीचा आहे. मराठीला मात्र नुसते निर् लावलेले नाम विशेषण म्हणून अपुरे वाटते, आणि ती वरून ई जोडते. नीरोग पुरेसे असताना आपण निरोगी म्हणतो तेही तसेच. निरोगी आणि निरभिमानी रुळलेले आहेत, त्यांना चूक म्हणू नये. निरपराध आणि निर्दोष हे शब्द अजून जसेच्या तसे चालतात, तिथे ‘निरपराधी’, ‘निर्दोषी’ लिहिण्याची गरज नाही.